दोन हातांचा चेक

मंजुळाबाईचं अक्षराशी वाकडं होतं, पण आकड्याशी तिची चांगली गट्टी होती. अक्षर म्हणजे तिला सगळं सारखंच दिसायचं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. आकड्याचं तसं नाही. बसचा नंबर, रॉकेलचा भाव, शेडच्या दारावरचा प्लॉट नंबर, सगळं ती येता-जाता बघून बघून शिकली होती. चार वर्षांपूर्वी लातूरकडून नवऱ्यासोबत भोसरीला आली तेव्हा दहापर्यंत मोजता यायचं. आता रोज साठ-सत्तर डबे जायचे, आणि कुठल्या शेडला किती गेले हे तिच्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांत असायचं. ती भिंत कुणी पुसली असती तर तिनं त्याला उलथन्यानं हाणला असता.

त्या शनिवारी ती बँकेच्या रांगेत उभी होती आणि मनातल्या मनात खोली सजवत होती.

खोली कासारवाडीला, रस्त्याच्या तोंडावर. मालक आबाजी. इतके दिवस ती डबे शेडोशेडी पोचवत फिरायची. ही खोली मिळाली की बाकडी टाकून लोकांना समोर बसवून जेवू घालता येणार होतं. डिपॉझिट साडेसातशे. आबाजी दुपारी एकच्या एसटीनं जुन्नरला लेकीकडे निघणार होता, आठ दिवसांसाठी, आणि त्यानं सरळ सांगून ठेवलं होतं: एकच्या आत पैसे आले तर किल्ली तुझी, न्हाईतर सायकलवाला केव्हापासून मागे लागलाय. सायकलवाला खरंच मागे लागला होता. काल तो खोलीसमोर उभा राहून पावलांनी रुंदी मोजत होता, मंजुळाबाईनं स्वतः बघितलं. तिनं तिथंच त्याला विचारलं होतं की नाचायला शिकताय का.

पैशाचा हिशेब सोपा होता. ज्ञानदेवशेटच्या शेडला बारा माणसं. महिन्याचे सव्वीस दिवस. म्हणजे तीनशे बारा डबे, अडीच रुपयाला एक. सातशे ऐंशी. त्यातून साडेसातशे आबाजीला, तीस उरले. घरच्या डब्यातले चाळीस वर कमरेला होतेच, बाकड्याच्या लाकडासाठी.

चेक सकाळी शेडच्या वॉचमननं घडी घालून दिला होता आणि तिनं तो तसाच पिशवीत टाकला होता. ज्ञानदेवशेटचा चेक कशाला उघडून बघायचा? दीड वर्षात एक पैसा इकडचा तिकडं झाला नव्हता. रांगेत पुढं दोन माणसं राहिली तेव्हा तिनं घडी उघडली, आकड्यांच्या चौकटीत नजर टाकली, आणि तिचं डोकंच फिरलं.

सहाशे साठ.

तिनं चेक उलटा करून बघितला, पुन्हा सरळ करून बघितला. सहा, सहा, शून्य. एकशेवीस रुपये गायब. पुढच्या माणसाला काही कारण नसताना तिचं कोपर लागलं. तिनं तिथंच हिशेब केला: सहाशे साठ आणि कमरेचे चाळीस, सातशे. पन्नास कमी. पन्नास रुपये शनिवारी सव्वाअकराला कोण देणार होतं, आणि आबाजी तर उधारीचं नाव काढलं की खोकायला लागायचा. तरी ती रांग सोडून गेली नाही. आहेत ते आधी हातात घेऊ, मग शेटला बघते, असं म्हणत तिनं चेक काउंटरवर आपटला.

काउंटरच्या जाळीमागं ज्योतीराम बसायचा. ज्योतीराम म्हणजे असा माणूस की पेन्सिलीला टोक काढायचं असलं तरी आधी खण उघडणार, मग ब्लेड घेणार, मग कचऱ्याची टोपली पायानं जवळ ओढणार. त्यानं मंजुळाबाईला चेकच्या मागं अंगठा द्यायला लावला, पितळेचा सतरा नंबरचा बिल्ला दिला आणि बाकावर बसायला सांगितलं. मग तारीख बघितली. मग दोन्ही सह्या नमुन्याच्या कार्डाला लावून बघितल्या. मग बोट अक्षरांच्या ओळीवरून फिरवलं, तिथून चौकटीवर नेलं, परत ओळीवर आणलं. तीनदा. मंजुळाबाई बाकावरून त्या बोटाकडंच बघत होती.

त्यानं सतरा नंबर पुकारला.

"बाई, हा पास होणार नाही. आकड्यात सहाशे साठ आहेत. अक्षरात सातशे ऐंशी."

मंजुळाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा राग असा विरघळला की तिला हसू आलं. म्हणजे त्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तिचे एकशेवीस रुपये लटकत होते तर.

"मग अक्षरातलेच द्या की," ती म्हणाली. "कामून उगं शाई वाया घालवली त्यांनी एवढी?"

ज्योतीरामनं मान हलवली आणि टेबलाच्या खणातून एक छापील चिठ्ठी काढली. चेक परत करायची कारणं तिच्यावर ओळीनं छापलेली होती. त्यानं पेन्सिलीनं एका ओळीपुढं खूण करायला हात उचलला. मंजुळाबाईनं जाळीखालून हात घालून ती चिठ्ठीच धरली. तिचं म्हणणं एवढंच होतं की खूण करायच्या आधी साहेबाला विचारा. ज्योतीरामचं म्हणणं होतं की विचारायचं काही नाही. दोघांनी चिठ्ठी दोन टोकांनी धरलेली, मागची रांग कुरकुरायला लागलेली, तेवढ्यात मॅनेजर अण्णासाहेब स्वतः उठून आले.

अण्णासाहेब शांत माणूस. त्यांनी चेक खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले की खाडाखोड नाही, सह्या बरोबर आहेत, फक्त रक्कम जुळत नाही. मग मंजुळाबाईला समजावून सांगितलं, आणि तिला ते आवडलं, कारण हा माणूस बाईशी बोलताना वर छताकडं बघत नव्हता. कायद्याचं पुस्तक म्हणतं की दोघांत फरक पडला तर अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरावी, कारण आकड्यात हात पटकन चुकतो, अक्षर लिहिताना माणूस विचार करतो.

"बगा," मंजुळाबाई ज्योतीरामला म्हणाली.

"पण बँकेची रीत वेगळी," अण्णासाहेब पुढं म्हणाले. "उद्या ज्ञानदेवराव म्हणाले की मला सहाशे साठच द्यायचे होते, तर एकशेवीस माझ्या पगारातून जाणार. आम्ही असा चेक परत करतो. नाहीतर ज्यांनी लिहिलाय त्यांनी इथं येऊन दुरुस्त करावा आणि दुरुस्तीपाशी सह्या कराव्या. दोघांनीही. खातं दोघांच्या सहीनं चालतं."

"आनि किती वाजेपर्यंत?"

"शनिवार आहे. बाराला खिडकी बंद."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मंजुळाबाईनं अण्णासाहेबांकडून चेक काढून घेतला, बिल्ला ज्योतीरामच्या पुढ्यात ठेवला आणि सांगून गेली की तो कुणाला देऊ नका, मी आलेच.

ज्ञानदेवशेटची शेड चौकातून आत, झपाझप चाललं तर सात मिनिटांवर. चालता चालता तिला सगळा उलगडा झाला, कारण शेडमधलं सगळं तिला डब्यासोबत कळायचं.

हा चेक नेहमी दोन हातांनी लिहिला जायचा. ज्ञानदेवशेट चाकणकडचा, चौथीत शाळा सोडलेला. लेथवर त्याचा हात असा की केसाएवढा फरक बोटानं सांगायचा, पण अक्षर लिहायला बसला की पेन अडायचं, घाम फुटायचा. कुसुमताई, त्याची बायको, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. वकिलानं सांगितलं म्हणून तिला धंद्यात भागीदार केलेली. मग रीत पडली: शेट रक्कम मोठ्यानं बोलायचा, ताई ती अक्षरात लिहायची, शेट आकडा टाकायचा, दोघं सही करायचे. आकडा तोंडानं बोलला जायचा म्हणून कधी चुकत नव्हता.

या महिन्यात मात्र बोलणंच बंद होतं. शेटनं शेडवर नवी पाटी लावली होती आणि तिच्यात कुसुमताईचं नाव घालायचं राहिलं होतं. पेंटर म्हणाला जागा पुरली नाही. शेट म्हणाला पेंटर म्हणतोय जागा पुरली नाही. त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस दोघं एकाच घरात, एकाच शेडमध्ये, आणि निरोप सगळे वॉचमनकडून. त्या वॉचमननं पगारवाढ मागितली होती.

म्हणजे ताईनं घरी अक्षरं लिहून, सही करून चेक ठेवला असणार. शेटनं सकाळी शेडमध्ये आकडा टाकला असणार. आणि शेट बायकोचं अक्षर वाचत बसणारा माणूसच नव्हता. वाचायचं म्हटलं की त्याचे ओठ हलायचे, आणि माणसांसमोर ओठ हललेले त्याला आवडायचे नाहीत.

ती शेडमध्ये शिरली तेव्हा शेट लेथपाशी होता आणि कुसुमताई कोपऱ्यातल्या टेबलाशी, एकमेकांकडं पाठ करून. मंजुळाबाईनं दोघांच्या मधोमध उभं राहून चेक उंच धरला आणि एका दमात सगळं सांगितलं, आबाजीच्या एसटीसकट.

शेटनं हात पुसले. म्हणाला, सहाशे साठच बरोबर हाय, हजेरीपटावरनं काढलेत. लाइट नव्हती ते चार दिवस माणसं सकाळीच घरी धाडली. बारा चोक अठ्ठेचाळीस डबे वजा. माणूसच न्हाई तर डबा कुनी खाल्ला?

कुसुमताईनं वॉचमनकडं बघून सांगितलं की त्यांना म्हणावं, दर डब्यामागं तू ठेवलेल्या चिठ्ठ्या तीनशे बारा आहेत, मी एकेक मोजली. आलेल्या डब्याचे पैसे द्यायचे असतात.

वॉचमननं तोंड उघडलं. मंजुळाबाई म्हणाली की हे सगळं बँकेत बोला, तिकडं घड्याळ चाललंय.

बाहेर शेटची लॅम्ब्रेटा होती. शेटनं किक मारली. कुसुमताई त्याच्यामागं बसायला तयार नव्हती, आणि चालत जायला वेळ नव्हता. मग मंजुळाबाईच मध्ये बसली. पुढं शेटची तेलकट पाठ, मागं ताईची पर्स कंबरेत रुतलेली, आणि मध्ये ती, चेक छातीशी धरून. खड्डा आला की तिघं एकदमच उडायचे. चौकातल्या चहाच्या टपरीवर दोन कामगार उभे राहून बघायला लागले. वाटेत ताईनं तिच्या कानात सांगितलं की त्यांना सांगा, हळू चालवा. मंजुळाबाईनं ते शेटच्या कानात सांगितलं. शेट म्हणाला, तिला सांग, बारा वाजत आलेत. मंजुळाबाई म्हणाली, तुमच्या दोघांचे पन्नास पैसे निरोपाचे वेगळे लावते.

बँकेत शिरले तेव्हा बाराला पंचवीस कमी होते. ज्योतीरामनं सतरा नंबर खरंच बाजूला ठेवला होता, वर पेपरवेट ठेवून.

अण्णासाहेबांनी चेक टेबलावर पसरला आणि विचारलं की दोघांनी मिळून सांगावं, खरी रक्कम कोणती. शेट खिडकीतून बाहेर बघत होता, ताई कॅलेंडरकडं. मग शेटनं हजेरीपटाचं पुन्हा सुरू केलं, चार दिवस शेड बंद, बारा चोक अठ्ठेचाळीस.

"शेड बंद व्हती," मंजुळाबाई म्हणाली. "मग तो नवा लेथ आपोआप चबुतऱ्यावर चढला व्हय?"

शेटनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

मंजुळाबाई थांबली नाही. लाइट नसलेले ते चार दिवस तिनं डबे आणले तेव्हा शेडमध्ये कामगार नव्हतेच, पण आठ गडी होते, चाकणकडचे, शेटचे पाव्हणे. एकेकाच्या मांड्या अशा की लेथ कशाला, शेडच उचलली असती. दोर लावून, पहार लावून मशीन हलवत होते. हजेरीपटावर ते कशाला येतील? पण डबे रिकामे परत गेले, चारही दिवस, बाराच्या बारा. तिच्या भिंतीवर रेघा होत्या.

शेटच्या चेहऱ्यावर आधी आठवण आली आणि मग लाज. त्याच्या डोक्यातनं ते साफ गेलं होतं. तो हिशेब हजेरीपटावर करायचा आणि हजेरीपटावर पाव्हणे नव्हते. दर महिन्याला आकडा मोठ्यानं बोलला की ताई म्हणायची, अहो, ते राहिलं का, हे राहिलं का. या महिन्यात कुणी म्हणालं नाही. मंजुळाबाईला ते त्याच्या मानेवरून दिसलं.

तरी शेट शेवटी शेट. त्यानं घसा खाकरला. पाव्हणे आठ होते, बारा नव्हते. आठ चोक बत्तीस. बत्तीस डब्यांचे ऐंशी. म्हणजे सातशे चाळीस.

ज्योतीराम जाळीपलीकडून म्हणाला की साहेब, आता तिसरीच रक्कम आली.

मंजुळाबाईनं घड्याळाकडं बघितलं. बाराला तेरा मिनिटं. सातशे चाळीस आणि कमरेचे चाळीस. साडेसातशे सहज भागत होते. आत्ता हो म्हटलं तर खोली तिची, वर तीस रुपयेही उरत होते. तिला कळत होतं की हो म्हणावं. खोली डोळ्यांसमोर दिसत होती, बाकडीसकट. सायकलवाला पण दिसत होता, पावलं मोजताना.

आणि तिचं तोंड मात्र वेगळंच बोलून गेलं.

"न्हाई. आठ जनांनी बारा डबे खाल्ले. मी समोर व्हते. तुमचा तो मिशीवाला मेव्हणा हाय ना, त्यानं दोन डबे खाल्ले आनि तिसऱ्याचं वरन पिलं. पिलं, शेट. खाल्लं न्हाई. वर म्हनला, बाई, मीठ कमी पडलं. जेवणारानं खाल्लं, आता मोजणारानं मोजावं. सातशे ऐंशी, न्हाईतर चिठ्ठीवर खूण करा आनि द्या चेक परत. मी सोमवारी तुमच्या दारात बसते."

तिला खरं तर सोमवार परवडणार नव्हता. पण आता शब्द गेला होता.

पहिल्यांदा हसली ती कुसुमताई. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. मिशीवाला मेव्हणा म्हणजे तिचाच भाऊ. लाइट नव्हती ते चार दिवस ती शेडकडं फिरकलीच नव्हती, आणि तो तिथं होता हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"धोंडू आलता?" ती नवऱ्याला म्हणाली. वॉचमनला नाही, मंजुळाबाईला नाही, नवऱ्याला. "चार दिस इथं व्हता आनि मला सांगितलं न्हाई?"

शेट म्हणाला की सांगणार कसं, तू बोलत कुठं होतीस.

"वरण त्यो पितोच," ताई म्हणाली. "लग्नात वाटी तोंडाला लावून बसला व्हता, आठवत न्हाई व्हय? बाराच डबे खाल्ले असतील. लिवा तुमी."

शेटनं पेन मागितलं. ज्योतीरामनं टोपण काढून दिलं. शेटनं सहाशे साठवर एक सरळ रेघ मारली, आकडा दिसेल अशी, आणि शेजारी नवा आकडा टाकला. टाकताना, सवय म्हणून असेल, मोठ्यानं म्हणाला, सातशे ऐंशी. ताईनं वाकून बघितलं आणि हो म्हणाली. त्या आकड्यापाशी दोघांनी पुऱ्या सह्या केल्या. ज्योतीरामनं बोट पुन्हा ओळीवरून चौकटीवर नेलं, चौकटीवरून सह्यांवर, सह्यांवरून कार्डावर. मग त्यानं खातेवही उघडून शिल्लक बघितली, चेक अण्णासाहेबांकडे गेला, सही झाली, आणि कॅशियरनं बाराला चार मिनिटं कमी असताना सतरा नंबर पुकारला.

तिनं नोटा दोनदा मोजल्या. कॅशियर म्हणाला बाई, आम्हाला घरी जायचंय. ती म्हणाली मला कासारवाडीला जायचंय, आणि तिसऱ्यांदा मोजल्या.

कासारवाडीला तिला लॅम्ब्रेटावरच नेलं. या खेपेला ताई मध्ये बसली आणि मंजुळाबाई शेवटी, आणि सगळ्या रस्त्यानं ती दोघं भांडत होती: धोंडूला चहा तरी दिला का, लेथ केवढ्याला घेतला, आणि घरी आणून चार घास घालायला काय झालं होतं. मंजुळाबाईला मध्ये काही सांगायची गरजच पडली नाही.

आबाजी खोलीच्या पायरीवर ट्रंक घेऊन बसला होता. सायकलवाला पण होता, नवं कोरं पंक्चरचं घमेलं घेऊन, जणू खोली झालीच. मंजुळाबाईनं साडेसातशे आबाजीच्या हातात ठेवले आणि घमेल्यात बघून विचारलं की पाणी कुठं भरणार. आबाजीनं बोट ओलं करून पैसे मोजले, पावती लिहून दिली, कनवटीची किल्ली काढून दिली आणि ट्रंक उचलून स्टॉपकडे चालू लागला. सायकलवाला घमेलं घेऊन गेला, आणि ते बघून तिला किंचित वाईट वाटलं. किंचितच.

मग ती लॅम्ब्रेटाकडं वळली. म्हणाली, खोलीचं भाडं चालू होणार, तेव्हा एक तारखेपासून डबा पावणेतीन रुपये.

"अडीचच," शेट आणि ताई एकदम म्हणाले, एका सुरात, आणि मग दचकून एकमेकांकडं बघायला लागले.

मंजुळाबाई म्हणाली बरं, बघू, वरण जरा पातळ करते. आणि ती कुलपाशी झटायला लागली, कारण ते गंजलेलं होतं आणि किल्ली काही केल्या फिरत नव्हती. तिनं शेजारचा दगड उचलला.

"थांब," ज्ञानदेवशेट गाडी स्टँडला लावत म्हणाला. "तेल हाय माझ्यापाशी."